होळीत जे जाळाल तेच दुसऱ्या दिवशी अंगावर येतं

प्रश्न: यंदा सोसायटीच्या होळीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. साठेक माणसं, त्यात पंचवीस मुलं. होळी का पेटवतात हे मुलांना नीट सांगायचं आहे, पार्किंगच्या मोकळ्या जागेत ती सुरक्षित कशी पेटवावी हे समजून घ्यायचं आहे आणि रंग घरीच करायचे आहेत. मागच्या वर्षी बीटाच्या रंगाला दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला आणि हळदीच्या रंगाचे कपडे धुताना लालभडक डाग पडले. नैसर्गिक रंगांत असं का होतं?

उत्तर:

आधी होळीबद्दल लिहिते, मग रंगांबद्दल. पण दोन्हींचा एक धागा आहे. आपल्याकडे धुळवडीला होळीची राख कपाळाला लावतात. म्हणजे पौर्णिमेच्या रात्री आगीत जे टाकाल त्यातलं काहीतरी सकाळी मुलांच्या अंगावर येणारच. म्हणून रंगांची काळजी रंगांपासून नव्हे, लाकडांपासून सुरू करायची. मी कापडावर वनस्पतींचे रंग चढवण्याचं काम करते आणि आमच्या वसाहतीची होळीही बरीच वर्षं मी बघते, त्यामुळे दोन्हीकडचं लिहिता येईल.

मुलांना सांगायची गोष्ट

प्रल्हादाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. हिरण्यकशिपूला स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाची भक्ती चालत नव्हती, आणि त्याचाच मुलगा विष्णूचं नाव सोडेना. आगीने जळणार नाही असा वर मिळालेली त्याची बहीण होलिका प्रल्हादाला मांडीवर घेऊन चितेवर बसली. ती जळाली, प्रल्हाद वाचला. ही गोष्ट जरूर सांगा. पण तिच्यातून मुलांना एका प्रश्नाचं उत्तर मिळत नाही: होळीभोवती बोंबा का मारायच्या? तोंडावर उलटा हात मारून गावभर ओरडण्याचा प्रल्हादाशी काय संबंध?

त्याचं उत्तर भविष्योत्तर पुराणातल्या ढुंढा राक्षसीच्या गोष्टीत आहे. महाराष्ट्रातल्या होळीला ती जास्त जवळची आहे असं मला वाटतं. रघुराजाच्या राज्यात ढुंढा लहान मुलांना छळू लागते. शंकराच्या वरामुळे देव, माणसं, शस्त्रं, थंडी, ऊन, पाऊस यांपैकी कशानेही तिला मरण नाही. वरात एकच फट राहिलेली असते. बेभान माणसं आणि मुलं यांच्यापासून तिला धोका आहे. मग राजाला उपाय सांगितला जातो. फाल्गुन पौर्णिमेला थंडी सरून उन्हाळा लागायच्या वेळी मुलांनी घराघरांतून लाकडं आणि गोवऱ्या गोळा कराव्यात, आग पेटवावी, तिला तीन प्रदक्षिणा घालाव्यात, टाळ्या पिटाव्यात, हसावं, गावं, मनात येईल ते मोठ्याने बोलावं. त्या गोंगाटाने ढुंढा पळून जाते.

ही गोष्ट मुलांना फार आवडते, कारण तिच्यात मुलंच राखणदार आहेत. शिवाय घरोघर फिरून गोवऱ्या मागणं, प्रदक्षिणा, बोंबा या सगळ्या चालीरीतींना तिच्यात जागा आहे. सोसायटीत हेच करा. आठवडाभर आधी मुलांना दारोदार पाठवा आणि प्रत्येक घरातून दोन गोवऱ्या किंवा त्याचे पैसे मागू द्या. त्याने जळणही आटोक्यात राहतं. ‘सगळ्यांनी घरातलं जुनं लाकूड आणा’ असं सांगितलंत तर काय काय येईल ते पुढे लिहिते.

बाकी गावोगावच्या रीती वेगवेगळ्या आहेत. कोकणात शिमगा कित्येक दिवस चालतो आणि ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. विदर्भात मुलं शेणाच्या छोट्या चाकोल्या करून त्यांच्या माळा होळीला घालतात. सातपुड्यात आदिवासी गावांच्या होळ्यांची स्वतःची परंपरा आहे, नंदुरबार जिल्ह्यातली काठीची राजवाडी होळी त्यांतली नावाजलेली. आपल्याला सोसायटीपुरतं बघायचं आहे.

होळी रचताना

साठ माणसांसाठी होळी केवढी हवी? तळाशी तीन फूट रुंद, उंची चार फुटांच्या आत. त्यासाठी शंभर गोवऱ्या आणि पंधरा-वीस किलो वाळलेलं लाकूड पुरेसं होतं. एवढी होळी तास-दीड तास चांगली पेटते आणि सगळ्यांच्या प्रदक्षिणा निवांत होतात. त्याहून मोठी केली तर झळ वाढते, माणसं लांब सरकतात आणि प्रदक्षिणा घालायला कुणी जवळ येऊच शकत नाही.

पार्किंगच्या जमिनीचं आधी बघा. काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकवर थेट आग पेटवली की आत मुरलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि फरशीचा पापुद्रा फट्‌कन उडतो. तो तुकडा चांगलाच लागतो. डांबर तर वितळतंच. म्हणून आधी सहा इंच जाडीचा वाळूचा थर पसरा, त्यावर विटांचं एक गोल आळं करा आणि होळी त्यात रचा. वर बघायला विसरू नका. केबल, झाडाची फांदी, शेड यांतलं काही डोक्यावर नको. गाड्या सकाळीच हलवायला सांगा, कारण संध्याकाळी एखाद्या गाडीचा मालक हमखास बाहेर गेलेला असतो. पेटवल्यावर लोकांना होळीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. त्यासाठी चुन्याची किंवा रांगोळीची एक रेघ पुरते. मुलं रेघ पाळतात, तोंडी सूचना पाळत नाहीत.

मधोमध एरंडाची फांदी किंवा ऊस उभा करतात. त्याभोवती आधी बारीक काटक्या, मग गोवऱ्या. गोवऱ्या आडव्या थापून एकावर एक रचू नका. त्या कडेवर, एकमेकींना टेकवून उभ्या करा आणि खालच्या बाजूला तीन-चार ठिकाणी मुठीएवढ्या फटी ठेवा. हवा खालून आत शिरली तर होळी धूर कमी करते. बाहेरून लाकडं तंबूसारखी टेकवा म्हणजे जळताना ती आत पडतात, बाहेर नाही.

गोवरी वाळलेली आहे की नाही हे मोडून बघा. वाळलेली हाताला हलकी लागते आणि कट्‌कन मोडते. ओलसर असली तर आधी वाकते, मोडली की आतून गडद दिसते. ओल्या जळणाची होळी पांढरा दाट धूर सोडते, आणि सोसायटीत दम्याचं एक जरी माणूस असेल तरी त्या धुराचा त्रास त्याला रात्रभर होतो.

होळी त्याच दिवशी दुपारी रचा. आठवडाभर रचून ठेवलेल्या ढिगात सरडे, पाली, मांजराची पिल्लं, कधी सापही आसऱ्याला येतात. आधी गोळा केलेलं जळण दुसरीकडे ठेवायचं आणि पौर्णिमेला एकेक लाकूड झटकून उचलायचं. आणि हिरवं झाड तोडायचं नाही. शहरी भागात झाड तोडायला परवानगी लागते, 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तसंही ओलं लाकूड नुसतं धुपतं.

आता ‘जुनं लाकूड आणा’ म्हटल्यावर काय येतं ते. प्लायवूडचे तुकडे, सनमायका लावलेली फळी, रंग दिलेली खिडकी, पॉलिश केलेली खुर्ची, खिळ्यांसकट पेटी. प्लायवूडच्या डिंकातून जळताना डोळे चुरचुरणारी वाफ निघते आणि जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. शिसं आगीत नाहीसं होत नाही, राखेत उतरतं. हीच राख सकाळी मुलांच्या कपाळाला लागणार असते. म्हणून आमच्याकडे नियम एकच आहे: गोवऱ्या, शेतातल्या काड्या आणि बिनरंगाचं साधं लाकूड. एखाद्याने रंगवलेली फळी टाकलीच तर त्या होळीची राख धुळवडीला वापरायची नाही.

पेटवताना

तिथीचा मुहूर्त पंचांगात बघा. सूर्यास्तानंतरचा प्रदोषकाळ आणि भद्रा नसलेली वेळ धरतात. हवेच्या दृष्टीनेही संध्याकाळचा वारा पडलेला असतो, ते सोयीचंच. पेटवणाऱ्याने सुती कपडे घालावेत, ओढणी किंवा पदर खोचलेला असावा. नायलॉन वितळून कातडीला चिकटतो, आणि ते जास्त वाईट. वाऱ्याकडे पाठ करून तूप-कापूर लावलेल्या काकड्याने खालच्या फटीतून पेटवा. पेट्रोल तर नाहीच, रॉकेलही नाही. पेट्रोल ओतल्यावर त्याची वाफ ढिगाच्या भोवती पसरते आणि काडी ओढताच ओतणाऱ्याच्या पायापर्यंत भडका येतो. जळण वाळलेलं असेल तर त्याची गरजच पडत नाही.

नारळाबद्दल थोडं विस्ताराने सांगते, कारण दरवर्षी एखादी तरी भाजण्याची घटना नारळामुळे होते. सबंध नारळ आगीत टाकला की आतल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला जागा नसली की नारळ फुटतो आणि करवंटीचे तुकडे निखाऱ्यांसकट उडतात. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. तो खिळ्याने टोचून पाणी तांब्यात काढून घ्या आणि मग नारळ अर्पण करा. अर्पणाला बाध येत नाही. भाजलेला नारळ काढायची हौस तरुणांना असते. त्यासाठी लांब दांड्याचा चिमटा ठेवा, हाताने किंवा काठीने नको.

नैवेद्याच्या पुरणपोळीबद्दलही विचारणा होते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘होळी लहान, पोळी दान’ अशी मोहीम बरीच वर्षं चालवली आहे. आमच्याकडे एक पोळी अग्नीला देतात आणि बाकीच्या टोपलीत जमा होतात. त्या सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि जवळच्या वस्तीत जातात. टोपली होळीच्या आधी फिरवा. नंतर फिरवली की पोळ्या आगीत गेलेल्या असतात.

शेजारी पाण्याच्या चार बादल्या, वाळूच्या दोन आणि नळाला जोडलेली रबरी नळी. कुणाला भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली तो भाग धरायचा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावायचं नाही.

रात्री माणसं पांगतात, पण निखारे राखेखाली सकाळपर्यंत धगधगत असतात. वरून करडी दिसणारी राख पाहून मूल पाय टाकतं. पूर्वी धुळवडीला याच निखाऱ्यांवर आंघोळीचं पाणी तापवायचे, म्हणजे ती धग किती टिकते ते बघा. सकाळी दूध-तूप शिंपडून होळी शांत करण्याची रीत आहे. ती करा, पण त्याआधी रात्री कुणीतरी जबाबदार माणसाने थांबून बहुतेक निखारे पाण्याने विझवा आणि ‘चर्र’ आवाज येणं बंद होईपर्यंत तिथून हलू नका. टिळ्यासाठी हवी असलेली राख आधी लोखंडी घमेल्यात काढून बाजूला ठेवायची.

राख लावायची ती कोरडी, वस्त्रगाळ आणि कपाळापुरती. पाण्यात कालवून अंगभर फासायची नाही. लाकडाच्या राखेत क्षार असतात. ओली राख कातडीची आग करते, डोळ्यात गेली तर इजा करते. याच क्षारांनी तुमच्या हळदीची गंमत केली आहे, तिकडे आता येते.

हळद लाल का झाली

हळदीतला पिवळा रंग आंबट आणि साध्या पाण्यात पिवळाच राहतो. क्षार लागला की तो लाल होतो. साबण, धुण्याची पावडर, सोडा, चुना, राख हे सगळं क्षारयुक्त. घरच्या कुंकवाची जुनी पद्धत याच गुणावर उभी आहे. हळदीत चुना आणि लिंबाच्या रसासारखं आंबट घालून ते करायचे. तुम्ही हळदीने माखलेले कपडे थेट साबणात टाकलेत, म्हणून ते लाल झाले. कुणाच्या कपाळावर हळदीचा रंग आणि वरून होळीची राख लागली तर तिथेही तांबूस डाग दिसतो. मुलं घाबरतात, पण तो रंगाचा बदल असतो, जखम नव्हे.

धुळवडीच्या आदल्या दिवशी मुलांना हे वाटीत दाखवा. पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर हळदीचं पाणी, त्यावर एक थेंब साबणाचं पाणी, मग त्याच जागी लिंबाचा थेंब. पिवळा, लाल, पुन्हा पिवळा. पण चुन्याची निवळी वापरून गडद केलेला कुठलाही रंग पिचकारीत भरायचा नाही. पळसाचा रंगही चुन्याने जास्त लालसर होतो, आणि कापड रंगवताना आम्ही ते करतो. खेळायच्या रंगात मात्र नाही, कारण चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं.

हळद विकत घेताना हळकुंडं आणून दळून घ्या. सुट्या भुकटीत कधीकधी मेटॅनिल यलो हा कारखान्याचा रंग मिसळलेला सापडतो. कोरड्या रंगासाठी एक वाटी हळद आणि चार वाट्या बेसन हे माप पुरतं. बेसन केसांत भिजलं की लगदा होतो, म्हणून हा रंग गालाला लावायचा, डोक्यावर ओतायचा नाही.

पळस, म्हणजे खरा होळीचा रंग

एकच रंग करायचा झाला तर मी पळसाचा करेन. फाल्गुनात पानं गळालेल्या झाडावर केशरी फुलं येतात. सणाच्या दिवसात, सणाच्याच जागी उगवणारा रंग आहे. नाशिकच्या जुन्या भागात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे दगडी हौद, आहेत. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडी वर्षभर मातीखाली झाकलेल्या असतात. रंगपंचमीला त्या उघडतात, पूजा करतात, पळसासारखी फुलं उकळून केलेला रंग त्यात भरतात आणि माणसं उड्या टाकतात. महाराष्ट्रात रंगाचा जुना दिवस तोच, फाल्गुन वद्य पंचमी. धुळवड ही राखेची आणि धुळीची. शहरांत आता धुळवडीलाच रंग खेळतात.

फुलं झाडावरून तोडू नका, सकाळी झाडाखाली पडलेली वेचा. शहरात काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेली पळसफुलं मिळतात, तिथे ‘टेसू’ किंवा ‘केसू’ म्हणून मागा. प्रत्येक फुलाच्या देठाशी गडद तपकिरी, मखमली वाटी असते. जमेल तेवढ्या वाट्या काढून टाका. त्या राहिल्या तर रंग थोडा मळकट येतो. मुलांना हे काम फार आवडतं.

पातळ रंगाचं माप असं: शंभर ग्रॅम वाळलेली फुलं, दोन लिटर पाणी. मध्यम आचेवर वीस मिनिटं उकळायचं, मग झाकून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी सुती कापडातून गाळून घ्यायचं. तिप्पट साधं पाणी मिसळलं की पिचकारीचा पिवळसर केशरी रंग होतो. तुमच्या पंचवीस मुलांना प्रत्येकी तीन लिटर धरलं तर एक किलो फुलं आणि वीस लिटर पाणी उकळावं लागेल. त्याचे ऐंशी लिटर होतात. सोसायटीतली दोन मोठी पातेली पुरतील, स्टीलची घ्या. लोखंडाच्या कढईत हा रंग काळपट होतो.

उकळणं होळीच्या रात्रीच करा, त्याआधी नको. मार्चच्या उन्हाळ्यात फुलांचं पाणी एका दिवसात आंबतं, वर बारीक फेस येतो आणि वास बदलतो. तसं दिसलं तर झाडांना ओता, मुलांवर नको.

कोरडा गुलाल चार-पाच दिवस आधी करायचा. दोनशे ग्रॅम फुलं दोन लिटर पाण्यात उकळून गाळायची आणि तो अर्क पुन्हा उकळून तीनशे मिलिलिटरवर आणायचा. एवढा अर्क एक किलो अरारुटाला किंवा मक्याच्या कॉर्नफ्लॉवरला लागतो. अर्क पूर्ण गार झाला पाहिजे. गरम ओतलात तर स्टार्च फुगून कपड्याच्या खळीसारखी चिकट होते आणि सगळा माल वाया जातो. गार अर्क थोडा थोडा शिंपडत दोन्ही हातांनी चोळत जा. मुठीत दाबून मूद झाली आणि बोटाने टोचताच फुटली, की अर्क पुरे. त्यापुढे पाणी घालू नका. सुती चादरीवर सावलीत पातळ पसरा, दिवसातून दोनदा हलवा, दोन दिवसांनी मैद्याच्या चाळणीने चाळा. अर्धवट वाळलेला भरून ठेवला तर गठ्ठे होतात आणि बुरशीचा वास येतो. अशी पिशवी टाकून द्यायची, पुन्हा वाळवून वापरायची नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हा गुलाल फिका दिसतो, पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाचा. बाजारातल्या गुलालाशेजारी ठेवाल तर पालक विचारतील, ‘एवढाच?’ वनस्पतींचा कोरडा रंग एवढाच असतो. विकत घेतलेला ‘हर्बल’ गुलाल झगमगीत गुलाबी किंवा हिरवा असेल, तर त्यात वनस्पती बहुधा नाही. चिमूटभर पाण्यात टाकून बघा. लगेच पाणी भडक झालं तर कृत्रिम रंग आहे. ओल्या बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर आत वाळूची भुकटी आहे, चमक दिसली तर अभ्रक किंवा काचेसारखं काही. 2012 साली धारावीत रंग खेळल्यानंतर दीडशेहून जास्त जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. तेव्हापासून मी उगम माहीत नसलेला रंग सोसायटीत आणू देत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टार्चची भुकटी हवेत उडवली आणि जवळ आग असली की ती पेट घेते. जून 2015 मध्ये तैवानच्या फॉर्मोसा फन कोस्ट वॉटर पार्कमध्ये रंगीत कॉर्नस्टार्च उडवताना असाच भडका उडाला. पंधरा माणसं गेली, सुमारे पाचशे भाजली. रंग ‘नैसर्गिक’ असल्याने हा धोका कमी होत नाही. मैदा, बेसन, तांदळाचं पीठ सगळं तसंच पेटतं. म्हणून होळीच्या रात्री रंगाच्या पिशव्या कुलपात. धुळवडीला निखारे पूर्ण विझल्याशिवाय त्या बाजूला कोरडा रंग खेळायचा नाही, आणि रंग खेळताना तिथे सिगारेट किंवा फटाका नको.

बीट, आणि मागच्या वर्षीचा वास

बीटात साखर भरपूर असते, म्हणून रस रात्रभर ठेवला की तो आंबतो. तुमच्या रंगाला वास त्यामुळे आला. शिवाय त्याचा गुलाबी रंग उष्णतेने मोडतो. उकळलात तर तासाभरात मळकट तपकिरी होतो. बीट कच्चंच किसून, थोड्या पाण्यात वाटून, गाळून त्याच सकाळी वापरा. फ्रीजमध्ये ठेवलात तर दुपारपर्यंत चालतो. हा रंग बादलीतल्या पाण्यापुरता ठेवा. गुलालात तो फारसा टिकत नाही.

हिरव्यासाठी सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पानांची बारीक भुकटी अरारुटात मिसळतात. पानांचा हिरवा पाण्यात उतरत नाही, म्हणून पातळ हिरव्याचा नाद सोडा. मेंदी ओली झाली की कातडीवर दिवसच्या दिवस राहते. आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारी पूड कुठल्याही रंगात नको, तिच्यातल्या रसायनाने फोड येतात.

खेळताना

फुलंही त्वचेला खाजवू शकतात, बेसनाची ॲलर्जीही असते. आदल्या दिवशी रंगाचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. रात्रीपर्यंत खाज, लाली आली नाही तर चालेल. अंगाला आणि केसांना खोबरेल तेल लावून यायला सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. दमा असलेल्या मुलाला कोरड्या रंगाऐवजी पिचकारीचा गट द्या. पाण्याचे फुगे सरळ बंद करा, ते डोळ्यावर आदळले तर नुसता लालपणा नाही, आतली इजा होते. रंग डोळ्यात गेला तर चोळू न देता पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवा. त्यानंतरही दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांना रंग लावायचा नाही. ते अंग चाटतात आणि रंग पोटात जातो.

खेळून झाल्यावर कोरडा रंग आधी झटका, मग नुसत्या पाण्याने धुवा, साबण शेवटी. कपड्यांचंही तसंच. मागच्या वर्षीचे ते कपडे अजून असतील तर टाकून देऊ नका. साबण पूर्ण निघेपर्यंत पाण्यात खळबळा आणि शेवटच्या पाण्यात एक लिंबू पिळा. लाल डाग पुन्हा पिवळे होतील. मग ओलेच कपडे कडक उन्हात पसरा. हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो, दोन-तीन उन्हं दिली की पांढऱ्या कपड्यावर त्याची पुसट छटाच राहते. पळसाचा पिवळा मात्र इतक्या सहज जात नाही, म्हणून धुळवडीला जुनेच कपडे घालून यायचं सगळ्यांना आधी कळवा.

रंगाच्या तळाशी उरलेला फुलांचा चोथा आणि टिळ्यातून उरलेली राख सोसायटीच्या बागेत जिरवता येते. राख मूठभरच, खताच्या ढिगात मिसळून घाला. कुंडीत थेट ओतलीत तर माती फार क्षारयुक्त होते आणि आठवड्याभरात पानांच्या कडा करपायला लागतात.